झाकणाच्या आत काय लिहिलं आहे

(स्मृतिव्याख्यानाचा मुद्रित पाठ)



ज्यांच्या स्मृतीसाठी आपण दरवर्षी इथे जमतो, त्यांना सगळा गाव मास्तर म्हणायचा. ते कुठल्या शाळेत शिकवत नव्हते. त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं आणि त्या दुकानात मी वयाच्या सोळाव्या वर्षी बसायला लागलो. गिऱ्हाइकानं जुनं घड्याळ पुढे ठेवलं की मास्तर आधी मालकाचं सगळं बोलणं ऐकून घेत. घड्याळ कुणाचं, कधीचं, कुणी दिलेलं, सगळं. मग म्हणत, "तुमचं ऐकलं. आता याला विचारू." आणि मागचं झाकण उघडत.

आज मी एकाच घड्याळाबद्दल बोलणार आहे. ते माझ्याकडे आलं तेव्हा त्याचं वय तीन वेगवेगळ्या प्रकारे सांगितलं गेलं होतं. त्यातलं एक घरच्या आठवणीतून आलेलं, एक आकड्यांच्या तक्त्यातून काढलेलं आणि एक चांदीवर ठोकलेलं. तिघांचा एकमेकांशी मेळ नव्हता. तो कसा लावला, हे मी तुम्हाला पायरीपायरीनं दाखवतो. तुमच्यापैकी कुणाच्या कपाटात असं घड्याळ असेल, तर घरी जाऊन तुम्हालाही हे करता यावं, एवढाच हेतू आहे.

घड्याळ घेऊन आल्या त्या बँकेतून निवृत्त झालेल्या एक बाई. सातारा जिल्ह्यातलं घराणं. घड्याळ पणजोबांचं. पणजोबा सरकारी कचेरीत कारकून होते आणि १८९७ सालच्या प्लेगमध्ये त्यांनी जिवावर उदार होऊन काम केलं म्हणून साहेबांनी त्यांना हे "खास विलायतेहून मागवून" दिलं, असं घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जात होतं. बाईंच्या भाच्यानं मात्र एक वेगळं वय काढलं होतं. झाकणात कोरलेला नंबर त्यानं वॉल्थम कंपनीच्या नंबरांच्या तक्त्यात शोधला आणि घड्याळ १८७० च्या आसपासचं निघालं. त्यामुळे घरात आनंद झाला होता, पण गोंधळही झाला होता. १८९७ साली "खास मागवून" दिलेलं घड्याळ सत्तावीस वर्षं जुनं कसं?

मी घड्याळ हातात घेतलं. चांदीची केस, पांढरी मिनाकारी तबकडी, सहाच्या जागी सेकंदाचं छोटं वर्तुळ, वरच्या बटणानं चावी द्यायची सोय. तबकडीवर वॉल्थम हे नाव. मी काही न बोलता झाकण उघडलं.

उघडण्याबद्दल दोन शब्द आधी सांगायला हवेत, कारण बहुतेक नुकसान इथेच होतं. मागच्या झाकणाच्या कडेला एका जागी बारीक ओठासारखा भाग असतो, तिथे अंगठ्याचं नख लावायचं. नखानं निघत नसेल तर स्वयंपाकघरातली सुरी घालू नका. काही केसचं झाकण आट्यांचं असतं, ते फिरवून काढायचं असतं, आणि अशा झाकणाखाली सुरी घातली की चांदीला कायमची खोच पडते. दुसरी गोष्ट म्हणजे उघडण्याआधी ते पॉलिश करू नका. बाहेरची चांदी चकाकली की आपल्याला बरं वाटतं, पण पुसण्याच्या प्रत्येक फेरीत ठशांच्या कडा झिजतात, आणि आपल्याला जे वाचायचं आहे ते त्या कडांमध्येच असतं.

या केसला मागे दोन झाकणं होती. बाहेरचं उघडलं की आतलं, आणि आतलं उघडलं की मशीन. बाहेरच्या झाकणाच्या आतल्या अंगाला ठशांची एक ओळ होती. टेबलावरचा दिवा बाजूला सरकवून उजेड तिरपा पाडला, डोळ्याला भिंग लावलं आणि ओळ वाचता आली. एक नांगर. एक चालता सिंह, उजवा पंजा उचललेला. इंग्रजी 'के' हे अक्षर, लहान लिपीतलं. जरा बाजूला ए. एल. डी. अशी तीन अक्षरं. आणि त्यांच्या खाली एक सहा आकडी नंबर.

हॉलमार्क म्हणजे काय हे आज कुठल्याही मराठी घरात समजावून सांगावं लागत नाही. आपल्याकडे २००० सालापासून सोन्याच्या दागिन्यांवर मानक ब्यूरोचा हॉलमार्क येऊ लागला. त्या वेळच्या ठशांत एक अक्षर वर्षाचं असायचं, 'ए' म्हणजे २०००, 'बी' म्हणजे २००१. पुढे २०१७ मध्ये ते अक्षर वगळलं गेलं. तुमच्या त्या काळातल्या बांगडीच्या आतल्या बाजूला ते अजून सापडेल. इंग्लंडमध्ये हीच पद्धत कित्येक शतकं जुनी आहे. तिथली परीक्षण कचेरी धातू तपासते, शुद्धतेचा ठसा मारते, आपल्या गावाचा ठसा मारते आणि त्या वर्षाचं अक्षर मारते. चालता सिंह म्हणजे हजारात ९२५ भाग चांदी. नांगर म्हणजे बर्मिंगहॅम. ती कचेरी १७७३ साली सुरू झाली, आणि बर्मिंगहॅम समुद्रापासून दूर असलं तरी नांगर हीच तिची खूण आहे.

आता 'के'. इथे पहिली चूक होते. पुष्कळ लोक अक्षर आधी शोधतात आणि गाव नंतर बघतात. पण अक्षराला स्वतःचं वर्ष नसतं. प्रत्येक गावाची अक्षरमाला वेगळ्या वर्षी सुरू होते. लंडनमध्ये लहान 'ए' १८९६ साली सुरू झाला, म्हणून लंडनचा लहान 'के' १९०५ चा. बर्मिंगहॅममध्ये लहान 'ए' १९०० साली सुरू झाला, म्हणून तिथला 'के' १९०९ चा. कुणी बोटांवर मोजून बघेल तर त्याला 'के' १९१० वर येईल, कारण आपण 'जे' धरतो. त्या अक्षरमालांत 'आय' नंतर थेट 'के' येतो, 'जे' गाळलेला आहे. एका अक्षराच्या विसरामुळे एक वर्ष चुकतं.

एवढ्यानंही भागत नाही. बर्मिंगहॅमनं त्याच्या आधी १८७५ ते १८९९ या काळातही लहान अक्षरंच वापरली होती, आणि त्या माळेतला 'के' १८८४ चा. मग हा 'के' १८८४ चा की १९०९ चा? उत्तर अक्षराच्या वळणात आहे. आधीच्या माळेतली अक्षरं जुन्या गॉथिक वळणाची होती, जाड, टोकदार, लेखणीनं तोडल्यासारखी. नंतरच्या माळेतली अक्षरं आपण छापील पुस्तकात वाचतो तशी साधी. भिंगाखालचा 'के' साधा, सरळ दांड्याचा होता. मी तेच अक्षर आतल्या झाकणावरही शोधलं, कारण ते दोन झाकणांच्या मध्ये राहतं आणि कमी झिजतं. तिथेही तोच 'के', अगदी स्वच्छ.

बर्मिंगहॅमची अक्षरं तेव्हा जुलै महिन्यात बदलत. म्हणून हा 'के' म्हणजे जुलै १९०९ ते जून १९१० या बारा महिन्यांतला. केस त्या काळात तपासणीला गेली. त्याआधी ती असणं शक्य नाही. १८९७ ची गोष्ट इथेच अडली.

बाई थोडा वेळ गप्प बसल्या. मग त्यांनी विचारलं, "म्हणजे घरातले सगळे खोटं सांगत होते?" मी म्हटलं, "ताई, ते आत्ताच ठरवू नका. अजून अर्धं घड्याळ वाचायचं आहे."

त्यांचा दुसरा प्रश्न असा होता, की नांगर आणि सिंह असेल तर घड्याळ इंग्लंडचं, बरोबर ना? हा समज फार पसरलेला आहे. ठसा केसच्या चांदीबद्दल बोलतो. आतल्या मशीनबद्दल तो एक अक्षरही सांगत नाही.  पण एक गोष्ट तो नक्की सांगतो, की ही केस इंग्लंडमध्येच तयार झाली. १ जून १९०७ पासून परदेशातून येणाऱ्या चांदीच्या केसवर इंग्लंडमध्ये वेगळे ठसे मारणं बंधनकारक झालं. बर्मिंगहॅमला आलेल्या परदेशी केसवर नांगर न मारता त्रिकोण मारत, आणि सिंहाच्या जागी .९२५ हा आकडा. स्वित्झर्लंडहून आलेली केस असती तर तोच 'के' इथे असता, पण शेजारी त्रिकोण दिसला असता. आपल्याकडच्या जुन्या घरांतल्या कितीतरी घड्याळांत हा त्रिकोण दिसतो आणि मालक त्याला कंपनीची खूण समजतात.

आता ती तीन अक्षरं, ए. एल. डी. इथून पुढची गोष्ट मला सगळ्यात जास्त आवडते.

ही अक्षरं आहेत ॲरन लुफ्किन डेनिसन या माणसाची. हा अमेरिकेतल्या मेन राज्यात १८१२ साली चांभाराच्या घरात जन्मला. घड्याळजी झाला. त्या काळी घड्याळ म्हणजे हातांनी जुळवलेली एकेक वस्तू, एका घड्याळाचं चाक दुसऱ्यात बसायचं नाही. डेनिसनला वाटलं, सरकारी कारखान्यात बंदुका जशा एकसारख्या भागांतून बनतात तशी घड्याळं का बनू नयेत? १८५० साली त्यानं एडवर्ड हॉवर्ड आणि डेव्हिड डेव्हिस यांच्याबरोबर बॉस्टनजवळ कंपनी काढली, आणि १८५४ मध्ये कारखाना वॉल्थम गावी नेला. १८५७ मध्ये कंपनीचं दिवाळं निघालं, लिलाव झाला, कारखाना रॉयल रॉबिन्स नावाच्या व्यापाऱ्यानं घेतला आणि चालवून दाखवला. डेनिसन काही वर्षं तिथेच नोकरीला राहिला आणि मग बाहेर पडला. पुढे तो इंग्लंडला गेला, बर्मिंगहॅमला स्थायिक झाला आणि १८७० च्या दशकात तिथे घड्याळांच्या केस बनवू लागला. त्यात मात्र त्याचं चांगलं बस्तान बसलं. त्याचं मोठं गिऱ्हाईक कोण? वॉल्थम. ज्या कारखान्याचा पाया त्यानं घातला आणि जो त्याच्या हातून गेला, त्याच कारखान्याची मशीनं इंग्लंडात येत आणि त्याच्या केसमध्ये बसत.

म्हणजे या घड्याळाच्या झाकणावर एका माणसाची अक्षरं आहेत आणि झाकणाखालचं मशीन त्याच माणसानं सुरू केलेल्या कारखान्याचं आहे. आत आणि बाहेर एकाच आयुष्याची दोन टोकं.

पण इथे एक अडचण आहे, आणि जाणकार मंडळींनी ती आत्तापर्यंत ओळखली असेल. डेनिसन १८९५ मध्ये वारला. केस १९०९–१० ची. वारलेल्या माणसाच्या नावाचा ठसा चौदा वर्षांनी कसा पडला? मी पहिल्यांदा असं घड्याळ पाहिलं तेव्हा मला वाटलं होतं, वर्षाचं अक्षर मी चुकीचं वाचलं. मास्तरांनी समजावलं. तो ठसा कारागिराची सही नव्हे. ज्याच्या नावावर माल तपासणीला जातो, त्या जबाबदार व्यवसायाची ती नोंद असते. धनी गेला तरी पेढी चालते आणि पाटी तीच राहते. डेनिसनच्या मागे त्याचा मुलगा फ्रँकलिन धंदा बघत होता, १९०५ मध्ये त्याची डेनिसन वॉच केस कंपनी झाली, आणि ए. एल. डी. हा ठसा चालू राहिला. म्हणून या तीन अक्षरांवरून केस कुणाच्या कारखान्यातली हे ठामपणे सांगता येतं, पण वर्ष काढता येत नाही. डेनिसनचं मृत्यूवर्ष पाहून "१८९५ च्या आधीचं" असा निकाल देणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांनी शेजारचं अक्षर वाचलं असतं तर ही चूक झाली नसती.

आता आतलं झाकण उघडू. मशीनच्या पट्टीवर कोरलेलं होतं वॉल्थम, मॅसॅच्युसेट्स. त्याच्याजवळ ट्रॅव्हलर हे नाव, आणि एक आठ आकडी नंबर, १ कोटी ७० लाखांच्या पुढचा.

भाच्याची चूक इथे उघडी पडली. त्यानं वाचलेला नंबर झाकणावरचा होता, सहा आकडी. तो केसचा नंबर, डेनिसनच्या कारखान्यातला. त्याला वॉल्थमच्या तक्त्यात शोधणं म्हणजे एका गावच्या सातबाऱ्याचा गट नंबर दुसऱ्या गावच्या दप्तरात शोधणं. तिथेही त्या नंबराची जमीन सापडेल, पण ती दुसऱ्याची असेल. ही चूक इतकी सर्रास होते, की मी एक साधा नियम सांगून ठेवतो. मशीनचं वय मशीनवरच्या नंबरावरून काढायचं, तबकडीवरच्या किंवा झाकणावरच्या नंबरावरून कधीही नाही.

शिवाय १८७० हे साल खोटं आहे हे तक्ता न बघताही कळण्यासारखं होतं. तेव्हाची वॉल्थमची बहुतेक घड्याळं मागच्या बाजूच्या भोकात वेगळी किल्ली घालून चालू करावी लागत. बाईंच्या घड्याळाला वरच्या बटणानं चावी देता येत होती, आणि बटण ओढून वेळ लावता येत होती. एखादी तारीख मिळाली की ती तारीख आणि समोरचं यंत्र एकमेकांना शोभतात का, हे लगेच विचारावं.

वॉल्थमचे नंबर मात्र फार भरवशाचे. कारखान्यानं सुरुवातीपासून नंबरांच्या वह्या ठेवल्या आणि पुढे त्यांवरून तक्ते छापले गेले. १ कोटीचा आकडा १९०१ च्या सुमारास ओलांडला गेला, आणि बाईंच्या घड्याळाचा नंबर १९०८–०९ च्या आसपास पडतो. "सुमारास" आणि "आसपास" हे शब्द मी मुद्दाम वापरतो. नंबर एकेका घड्याळाला ते पूर्ण झाल्यावर मिळत नसत, शेकडो किंवा हजारांच्या गठ्ठ्यांनी आधीच वाटून दिले जात. मग गठ्ठ्यातली मशीनं जशी तयार होतील तशी बाहेर पडत. त्यानंतर ती जहाजानं इंग्लंडला जायची, तिथे केसमध्ये बसायची, दुकानात पडून राहायची. म्हणून मशीनचा नंबर एक-दोन वर्षं मागेपुढे धरावा, आणि केसवरचं अक्षर बारा महिन्यांत बांधलेलं मानावं. इथे मशीन १९०८–०९ चं, केस जुलै १९०९ नंतरची. मशीन आधी, केस मागाहून, मध्ये थोडका काळ. दोन स्वतंत्र साक्षीदार, एक अमेरिकेतला आणि एक इंग्लंडमधला, एकच गोष्ट सांगत होते.

नाव नसलेलं मशीन आलं तर काय करायचं, असं मला नेहमी विचारतात. तेव्हा वेग कमी-जास्त करण्याची जी बारीक काडी असते, तिच्या टोकाजवळची अक्षरं बघा. 'एफ' आणि 'एस' असेल तर फास्ट आणि स्लो, बोलणारा इंग्रजी. 'ए' आणि 'आर' असेल तर ते फ्रेंच शब्द आहेत, आव्हांस आणि रेतार, म्हणजे पुढे आणि मागे, आणि मशीन बहुधा स्विस. बाईंच्या घड्याळात 'एफ' आणि 'एस' होते. मशीनचा व्यास तबकडीच्या बाजूनं मोजला तर ४३ मिलिमीटरच्या किंचित वर भरला. अमेरिकन मापपद्धतीत याला सोळा साइज म्हणतात. १ इंच आणि ५/३० हे शून्य साइज, आणि पुढे प्रत्येक साइजला १/३० इंच वाढवायचा. सोळा म्हणजे १.७ इंच, ४३.२ मिलिमीटर. माप जुळलं.

मशीनला खडे सात होते. सात खड्यांचं घड्याळ म्हणजे बॅलन्स व्हीलच्या दोन टोकांना दोन-दोन, पॅलेटला दोन आणि बॅलन्सच्या चकतीवर एक. बाकीची चाकं साध्या धातूच्या भोकांत फिरतात. ट्रॅव्हलर हे वॉल्थमनं इंग्लंडच्या बाजारात खूप विकलेलं साधं, टिकाऊ घड्याळ. राजेशाही भेट म्हणून नव्हे, तर रोज खिशात ठेवून वेळेवर कामाला जाण्यासाठी घ्यायची वस्तू.

इथपर्यंत सगळं जुळलं म्हणून मी थांबलो नाही, आणि तुम्हीही थांबू नका. अजून एक प्रश्न राहतो. ही केस आणि हे मशीन पहिल्यापासून एकत्र होते का? वॉल्थमची मशीनं ठरावीक मापांची. सोळा साइजचं मशीन सोळा साइजच्या दुसऱ्या केसमध्ये सहज बसतं. चांदीचा भाव वाढला की लोक चांगली केस मोडीत काढत आणि मशीन दुसरीकडे बसवत. आमच्या धंद्यात ही अदलाबदल शंभर वर्षं चालू आहे, आणि विकायला आलेल्या कित्येक घड्याळांत आतलं एकाचं आणि बाहेरचं दुसऱ्याचं असतं.

ते ओळखण्यासाठी मी मशीन बाहेर काढलं. ते केसच्या कडेला दोन स्क्रूंनी धरलेलं असतं. घट्ट करताना स्क्रूचं डोकं चांदीच्या कडेवर घासतं आणि शंभर वर्षांत तिथे कोयरीसारखा एक ठसा उमटतो. या केसमध्ये असे दोनच ठसे होते, दोन्ही आत्ताच्या स्क्रूखाली. तिसरा ठसा, मोकळा, कुठल्याही स्क्रूच्या खाली नसलेला, सापडला असता तर आधी दुसरं मशीन इथे राहून गेलं असं म्हणावं लागलं असतं. मग बटणाची दांडी बघितली. अमेरिकन घड्याळांत मशीन काढलं तरी दांडी केसच्या नळीतच राहते, स्विस घड्याळांत ती बहुधा मशीनबरोबर येते. इथे ती केसमध्ये राहिली, म्हणजे केस अमेरिकन मशीनसाठीच बनलेली होती. तबकडीच्या कडेभोवती फट नव्हती. केसचा सहा आकडी नंबर बाहेरच्या झाकणावर, आतल्या झाकणावर आणि मधल्या कड्यावर तोच होता, म्हणजे केसचे भागही एकमेकांचेच.

एवढं असूनही मी "पहिल्यापासून एकत्र" असं ठामपणे लिहिलं नाही. त्याच मापाचं, त्याच नमुन्याचं मशीन त्याच जागी बसवलं तर ठसे जुन्याच जागी पडतात. लिहायचं असेल तर एवढंच, की वेगळं असल्याची एकही खूण नाही.

आता उरल्या त्या बारीक ओरखड्यांच्या खुणा. घड्याळजी दुरुस्ती केली की केसच्या आत सुईच्या टोकानं तारीख किंवा आपल्या वहीतला नंबर ओढून ठेवतो. पुन्हा तेच घड्याळ आलं तर आपण काय केलं होतं ते कळावं म्हणून. ठसा वाचणारे पुष्कळ असतात, पण हे ओरखडे फार थोडे वाचतात. ते दिवा तिरपा करून, केस हळूहळू फिरवूनच दिसतात. या झाकणात मला सहा सापडले. सगळ्यात जुना वाचता येणारा होता १४-२-१३. पाच खुणा इंग्रजी आकड्यांत. सहावी देवनागरी आकड्यांत, आणि तिच्यातल्या आठाची शेपटी जराशी लांब ओढलेली. ३-६-६८. गावात देवनागरी आकड्यांत तारीख ओढणारा एकच माणूस होता, आणि ती शेपटी मी दहा वर्षं रोज पाहिली आहे. मास्तरांच्या वह्या त्यांच्या घरच्यांनी जपून ठेवल्या आहेत. १९६८ ची वही काढली, जूनचं पान काढलं, आणि तिथे वॉल्थम, चांदी, कमान बदलली, एवढी नोंद होती. मशीनचा नंबर तोच.

म्हणजे १९६८ साली हे घड्याळ आमच्या गावात होतं हे लेखी सिद्ध झालं. १९१३ साली ते दुरुस्तीला गेलं होतं हेही कळलं, पण कुठल्या गावात ते ओरखडा सांगत नाही. घड्याळ जुलै १९०९ च्या आधी तयार नव्हतं आणि फेब्रुवारी १९१३ ला वापरात होतं. घराण्यात यायला याच्या मधली साडेतीन वर्षं सगळ्यात संभवनीय.

हे सांगितल्यावर बाई घरी गेल्या आणि दोन महिन्यांनी पणजोबांच्या पेन्शनचा कागद घेऊन आल्या. पणजोबा १९१२ साली निवृत्त झाले होते. प्लेगमधली त्यांची सेवा खरी होती, त्याबद्दल शिफारसही होती, त्याच कागदांत. निवृत्तीच्या वेळी कचेरीनं घड्याळ दिलं असेल, किंवा त्यांनी स्वतःच घेतलं असेल. घरातल्या कुणी तरी, बहुधा नातवंडांना सांगताना, दोन्ही गोष्टी जोडल्या असतील. खोटं कुणी बोललं नव्हतं. वेगवेगळ्या वर्षांच्या दोन खऱ्या गोष्टी एका वस्तूवर येऊन बसल्या होत्या, आणि त्यांना वेगळं करायला झाकणावरचं एक अक्षर पुरलं.

मास्तर अशा घड्याळाबरोबर एक चिठ्ठी देत. तिच्यात तीन ओळी असत. पहिल्या ओळीत जे ठाम, दुसरीत जे बहुधा, तिसरीत जे घरचं सांगणं. तीन ओळींची सरमिसळ ते कधी होऊ देत नसत, आणि तिसरी ओळ ते कधी गाळतही नसत. बाईंच्या घड्याळाची चिठ्ठी मी त्याच पद्धतीनं लिहिली. ती वाचून मी थांबतो.

ठाम: केस चांदीची, हजारी ९२५, बर्मिंगहॅम, जुलै १९०९ ते जून १९१०, डेनिसन यांच्या कारखान्यातली. मशीन वॉल्थम, मॅसॅच्युसेट्स, ट्रॅव्हलर, सोळा साइज, सात खडे, नंबरावरून १९०८–०९ च्या आसपास. १९१३ आणि १९६८ साली दुरुस्त झालेलं.

बहुधा: केस आणि मशीन पहिल्यापासून एकत्र. पणजोबांकडे १९०९ ते १९१३ च्या दरम्यान आलं.

घरचं सांगणं: १८९७ च्या प्लेगमधल्या कामाबद्दल साहेबांनी दिलं. काम खरं, कागद आहे. घड्याळ त्या वर्षीचं नाही.

बाईंनी चिठ्ठीची घडी केली, आतल्या आणि बाहेरच्या झाकणामध्ये ठेवली आणि झाकण मिटलं. मी त्यांना ती काढायला लावली. कागद तिथे राहिला तर त्यातला ओलावा आणि आम्लता चांदीला लागते, आणि ती काळी पडते. चिठ्ठी पेटीत ठेवा, म्हटलं. घड्याळाच्या पोटात जे लिहायचं ते मास्तरांनी १९६८ सालीच लिहून ठेवलं आहे.